धागा: पोहणं-सायकल-पळणं यांच्या मधली ११ मिनिटं माझी कुठे गेली?

ओली_मांजर

नमस्कार मंडळी. परवा आयुष्यातली पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन केली. ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. पूर्ण झाली, हातपाय शाबूत आहेत, आनंद आहे. पण निकालाचा तक्ता आला आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

पोहणं १९:४०
टी-१ (पोहण्याकडून सायकलकडे) ६:५२
सायकल ४७:३०
टी-२ (सायकलकडून पळण्याकडे) ४:१०
पळणं ३३:२०
एकूण १:५१:३२

म्हणजे ११ मिनिटं मी ना पोहत होते, ना सायकल चालवत होते, ना पळत होते. माझ्या वयोगटात आम्ही २३ जणी होतो. बरोबर मधल्या, म्हणजे १२व्या क्रमांकाच्या बाईंचं टी-१ आहे ३:२५ आणि टी-२ आहे १:५०. दोन्ही मिळून त्या माझ्यापेक्षा ५:४७ पुढे. एवढा वेळ पळण्यात भरून काढायचा तर मला किलोमीटरमागे ६:४० ऐवजी साधारण ५:३० ने पळावं लागेल. ते या जन्मात अवघड दिसतंय.

तेव्हा प्रश्न असा की मी तिथे नेमकं काय करत होते? मला तर सगळा वेळ घाई चाललीये असंच वाटत होतं. नवऱ्याने कुंपणाबाहेरून मोबाईलवर बरंच चित्रण केलंय, पण ते बघायचं धाडस अजून झालेलं नाही.

---

उतारावरचा_राजा

अभिनंदन! उत्तर सोपं आहे. सायकलचे बूट आधीच पेडलला लावून ठेवायचे. बुटाची टाच रबरबँडने फ्रेमला अडकवायची, म्हणजे बूट आडवा राहतो. अनवाणी पळत यायचं, सायकलवर उडी मारून बसायचं आणि पाय चालत्या सायकलवर बुटात सरकवायचे. सायकल पुढे गेली की रबरबँड आपोआप तुटतात. सगळे व्यावसायिक खेळाडू हेच करतात. तिथेच तुमची दोनतीन मिनिटं वाचतील.

---

निवांत_धावक

चांगला विषय. मीसुद्धा याच ट्रान्झिशनमधून जातोय. सहा वर्षं फक्त पळत होतो, आता पोहण्याकडे वळलोय. माझा अनुभव असा की किमान चार महिने द्यावेत, घाई करू नये. खांदे भरून येतात.

---

ओली_मांजर

@निवांत_धावक, अहो, तुमचं ट्रान्झिशन चार महिन्यांचं आहे, माझं चार मिनिटांचं! स्पर्धा चालू असताना पाण्यातून बाहेर येऊन सायकलवर बसेपर्यंतचा वेळ, त्याबद्दल विचारतेय. 😄

@उतारावरचा_राजा, उडी मारून चढणं म्हणजे पडायचीच भीती वाटते. आणि माझ्या सायकलला साधे सपाट पेडल आहेत. पळायचेच बूट घालून चालवते.

---

निवांत_धावक

हात्तिच्या! असू दे, प्रतिसाद ठेवतो तसाच, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. 🙂

---

शिट्टीवाला

स्पर्धांमध्ये तांत्रिक अधिकारी म्हणून उभा असतो, बहुतेक वेळा माउंट लाइनवर. म्हणजे जी रेघ ओलांडल्याशिवाय सायकलवर बसता येत नाही, तिथे. राजेसाहेब म्हणतात ते खोटं नाही, पण ते इथे लागू नाही. बूट पेडलला लावून ठेवण्याने जमणाऱ्यांचे मोजके सेकंद वाचतात, मिनिटं नाहीत. ज्यांना जमत नाही त्यांचं काय होतं ते मी दर स्पर्धेत बघतो. रेघ ओलांडतात, एक बूट निखळून खाली पडतो, तो उचलायला मागे वळतात, मागून येणारा त्यांच्यावर आदळतो. किंवा शंभर मीटर एका हाताने हँडल धरून खाली वाकून बुटाचा पट्टा शोधत नागमोडी जातात.

शिवाय पाय बुटात घालायचा वेळ नाहीसा होत नाही. तो फक्त टी-१ च्या रकान्यातून सायकलच्या रकान्यात जातो.

आता मांजरताईंसाठी पहिला मुद्दा. टी-१ म्हणजे तुम्ही सायकलजवळ घालवलेला वेळ नव्हे. घोट्याला बांधलेली चिप पाण्याबाहेरच्या मॅटवरून जाते तिथे घड्याळ सुरू होतं आणि सायकल घेऊन बाहेर पडताना दुसऱ्या मॅटवर थांबतं. मधलं सगळं अंतर त्यात आलं. काही ठिकाणी ते ६० मीटर असतं, काही ठिकाणी अर्धा किलोमीटर. म्हणून दुसऱ्या स्पर्धेतल्या कोणाचं टी-१ दीड मिनिटाचं आहे हे बघून झुरू नका. तुम्ही त्याच स्पर्धेतल्या मधल्या क्रमांकाशी तुलना केलीत, ते योग्य केलंत.

अंतरं सांगा, आणि धाडस करून ते चित्रण बघा. सेकंद मोजून इथे लिहा.

---

ओली_मांजर

बघितलं. चहाचे दोन कप लागले आणि नवरा खोलीबाहेर जाऊन हसला.

पाण्याबाहेरच्या मॅटपासून माझ्या रॅकपर्यंत २५० मीटर. रॅकपासून माउंट लाइन ८० मीटर. परत येताना डिसमाउंट लाइनपासून रॅक १२० मीटर, आणि तिथून पळायला बाहेर पडायचं फाटक ६० मीटर.

टी-१ असं गेलं:
पाण्यातून रॅकच्या ओळींपर्यंत चालत (होय, चालत) २:४०
सायकल शोधणं ०:५०
पिशवी उघडून पंचा काढणं, पाय पुसणं, मोजे, बूट, नाड्या १:३५
हातमोजे ०:३५
उन्हाचा गॉगल पिशवीत शोधणं, हेल्मेट, नंबर ०:२५
सायकल ढकलत माउंट लाइन ०:४७

टी-२:
सायकल ढकलत येणं १:०५
चुकीच्या ओळीत शिरणं आणि परत येणं ०:३५
बसून ओले मोजे बदलणं, पुन्हा नाड्या १:१०
पाणी, जेल ०:२०
बाहेर पडताना सायकलच्या फाटकाकडे जाणं, स्वयंसेवकाने हाक मारून वळवणं ०:४०
बाकी फाटकापर्यंत ०:२०

हातमोज्यांना ३५ सेकंद लागले यावर माझा विश्वासच बसत नाहीये. ओल्या बोटांवर ते चढतच नव्हते.

---

रॅक_क्रमांक_४१२

हा तक्ता म्हणजे सोनं आहे. बहुतेक लोक "पुढच्या वेळी भराभर करीन" म्हणतात आणि पुन्हा तेच करतात. आता बघा, यात हाताच्या वेगाचा प्रश्न फार थोडा आहे. तुमचा वेळ तीन ठिकाणी गेलाय: चालण्यात, शोधण्यात, आणि तिथे करायची गरजच नसलेल्या कामांत. एकेक घेऊ.

चालणं. २५० मीटर तुम्ही २:४० मध्ये गेलात. किलोमीटरमागे ६:२० च्या संथ दुडकीने गेलात तरी ते १:३५ मध्ये होतं. इथे एका फटक्यात ६५ सेकंद आहेत, आणि त्यासाठी कुठलीही वस्तू विकत घ्यायची नाही. पण तुम्ही का चाललात? गरगरत होतं का?

---

ओली_मांजर

हो! उभी राहिले आणि जमीन हलायला लागली. दोनतीन पावलं तर खांबाला धरून टाकली.

---

रॅक_क्रमांक_४१२

वाटलंच. वीस मिनिटं तुम्ही आडव्या होता, रक्त हाताखांद्यांच्या कामाला लागलेलं, पाय जवळजवळ सुट्टीवर. एकदम उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि डोक्याला क्षणभर कमी पडतं. उपाय दोन. शेवटच्या पन्नासेक मीटरमध्ये पाय मुद्दाम जोरात मारायचे, म्हणजे पायांचे स्नायू जागे होतात. आणि लवकर उभं राहायचं नाही. नवखे लोक पाणी कमरेएवढं झालं की उभे राहतात आणि मग पाण्यातून पाय ओढत चालतात, त्यात दमछाकही होते आणि वेळही जातो. हाताचा पंजा दोनदा तळाला लागेपर्यंत पोहत राहा, मग उठा.

उठल्यावर पहिली दहा पावलं चाला, हरकत नाही. मग दुडकी. टोपी आणि पोहण्याचा चष्मा पळता पळताच काढून हातात घ्यायचा, रॅकपाशी पोचल्यावर नाही. एवढं करूनही दरवेळी गरगरत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, तो ट्रान्झिशनचा विषय नाही.

शोधणं. टी-१ मध्ये ५० सेकंद, टी-२ मध्ये ओळ चुकली ३५, फाटक चुकलं ४०. म्हणजे दोन मिनिटांहून थोडं जास्त निव्वळ भरकटणं. सकाळी जागा कशी लक्षात ठेवली होती?

---

ओली_मांजर

शेजारी एक झगझगीत पिवळी सायकल होती. म्हटलं ती दिसली की माझी दिसेल.

---

शिट्टीवाला

आणि पिवळ्या सायकलवाली बाई तुमच्या आधी पाण्यातून बाहेर आली असणार. 🙂

दर स्पर्धेत हे घडतं. सकाळी रॅक भरलेले असतात, परत येता तेव्हा अर्धे रिकामे. दृश्यच बदलतं. खूण नेहमी अशी धरायची जी जागची हलणार नाही: दिव्याचा खांब, झाड, तंबूचा कोपरा, ओळीच्या टोकाची पाटी. फुगा किंवा झेंडा बांधायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, बांधला तर आम्ही काढून टाकतो. भडक रंगाचा छोटा पंचा जमिनीवर चालतो, पण तो ओळीत शिरल्यावरच दिसतो. ओळ कुठली हे त्याने कळत नाही.

---

रॅक_क्रमांक_४१२

अगदी. आणि याहून मोठी गोम अशी की तुमची ओळ तुम्हाला दोन वेगवेगळ्या दिशांनी शोधायची असते. पाण्याकडून येताना ती समजा डावीकडची सहावी असेल, सायकलवरून परत येताना तीच उजवीकडची तिसरी असते. सकाळी लोक एकदाच चालून बघतात, तेही पाण्याच्या बाजूने. तुमची ओळ टी-२ मध्ये चुकली ती म्हणूनच.

म्हणून सामान लावून झालं की अनवाणी एक पूर्ण फेरी मारायची. पाण्याच्या फाटकातून आत, ओळी मोजत सायकलपाशी. तिथून सायकलच्या बाहेर जायच्या फाटकाशी. मग डिसमाउंट लाइनपाशी जाऊन उलट वळा, सायकल आत आणायच्या फाटकातून पुन्हा ओळी मोजत रॅकपर्यंत. शेवटी पळायच्या फाटकापर्यंत. आकडे फक्त दोनच पाठ करायचे, "सहा डावी, तीन उजवी". अनवाणी यासाठी की खडे कुठे आहेत तेही पायाला कळतं.

---

कासवछाप

माझाही एक अनुभव जोडतो, विषयाला धरूनच आहे. माझ्या दुसऱ्या स्पर्धेत डिसमाउंट लाइनवर उतरलो आणि उकडत होतं म्हणून लगेच हेल्मेटचं बक्कल उघडलं. सायकल ढकलत रॅककडे निघालो. शिट्टी वाजली. दंड म्हणून बाजूला उभं केलं. मी हुज्जत घातली की मी चालवत नाहीये, ढकलतोय! त्यात अजून वेळ गेला. बायको अजूनही हेल्मेट दिसलं की शिट्टी वाजवते.

---

शिट्टीवाला

तो मी नव्हतो अशी आशा. 🙂

नियम साधा आहे आणि जवळजवळ सगळीकडे सारखा. सायकल रॅकवरून काढायच्या आधी हेल्मेट डोक्यावर आणि बक्कल लागलेलं. सायकल परत रॅकवर टांगली की मगच बक्कल उघडायचं. मधे कधीही नाही, ढकलताना नाही, उभं असताना नाही. ट्रान्झिशनच्या आवारात सायकल चालवायची नाही. आणि तुमचं सामान तुमच्या जागेतच, शेजाऱ्याच्या नाही. काढून फेकलेली टोपीसुद्धा. दंड कुठे वेळेचा असतो, कुठे आधी ताकीद देतात. स्पर्धेच्या माहितीपत्रकात असतं, आदल्या रात्री वाचा. हातांना सवयच अशी लावा की हेल्मेटच्या आधी सायकलला हात लागताच कामा नये.

---

रॅक_क्रमांक_४१२

आता तिसरं, नको असलेली कामं. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: हे आधी करता येईल का, किंवा नंतर चालत्या सायकलवर वा पळताना करता येईल का? दोन्हींना उत्तर "नाही" असेल तरच ते रॅकपाशी करायचं.

पिशवी: आधी रिकामी करून बाजूला ठेवायची, तिच्यात काही शोधायचं नाही. पाणी: बाटली सायकलवरच. जेल: फ्रेमला चिकटपट्टीने लावा, सायकलवर खा. हातमोजे: २० किलोमीटरला गरज नाही, काढून टाका यादीतून. नंबर: कमरेच्या इलॅस्टिक पट्ट्याला लावून ठेवा. सायकलवर पाठीमागे, पळताना पोटावर फिरवायचा, तोही पळता पळता. अंग पुसणं: सोडून द्या, सायकलवर वाऱ्याने वाळतं.

मग रॅकपाशी उरतं काय? गॉगल, हेल्मेट, पट्टा, मोजे-बूट. बस.

हेल्मेट हँडलवर उलटं ठेवा, पट्टे दोन्ही बाजूंना बाहेर सोडून, आणि पुढची बाजू स्वतःकडे, म्हणजे उचललं की तसंच डोक्यावर येतं. गॉगल त्यात काड्या उघडून. आधी गॉगल, मग हेल्मेट, मग बक्कल. सायकल खोगिराच्या टोकाने दांड्यावर टांगलेली, पुढचं चाक तुमच्याकडे, त्या चाकाशेजारी पंचा, पंच्यावर बूट. पाय पंच्यावर ठेवूनच बुटात घातले की पुसण्याचं काम आपोआप होतं.

आणि गिअर! सायकल टांगायच्या आधी हलका गिअर टाकून ठेवा. माउंट लाइननंतर लगेच चढ असेल तर आणखी हलका.

---

ओली_मांजर

हे लिहून घेतलं. गिअर मी ज्या अवस्थेत सकाळी सायकल आणली त्याच अवस्थेत होता, म्हणजे सगळ्यात जड. पहिली चारपाच पेडल अक्षरशः उभी राहून मारली.

सायकल ढकलतानाही पेडल सारखं नडगीला लागत होतं. दोन्ही नडग्या निळ्या आहेत. त्याला काही युक्ती?

---

शिट्टीवाला

दोन्ही हातांनी हँडल धरून ढकलत असाल. एकच हात, तो खोगिरावर, आणि तुम्ही सायकलच्या बाजूला जरा अंतर ठेवून. सायकल सरळच जाते, वळवायची तर खोगीर किंचित तिरकं करायचं. मोकळ्या मैदानात दहा मिनिटं सराव केला की जमतं. नाहीच जमलं तर डावा हात हँडलवर, उजवा खोगिरावर, तरी पेडलपासून लांब राहता.

माउंट लाइन ओलांडल्यावर तिथेच थांबू नका. पाचसहा पावलं पुढे जा, कडेला या, मग निवांत पाय टाका. रेघेवरच सगळे थांबतात आणि तिथेच एकमेकांत अडकतात.

---

उतारावरचा_राजा

बरं, उडीचा मुद्दा मागे घेतो. पण सपाट पेडल बदला एवढं तरी म्हणू द्या. क्लीट असलेले बूट घातले की पाय पेडलला पक्का राहतो. २० किलोमीटरमध्ये फरक पडतोच.

---

रॅक_क्रमांक_४१२

याचं उत्तर मला तुमच्याइतकं सोपं वाटत नाही. पळायच्याच बुटांत सायकल चालवली तर टी-२ मध्ये बूट बदलायचेच नाहीत. सायकल टांगा, हेल्मेट काढा, पळा. शिवाय क्लीट घालून आवारात पळताना घसरायला होतं, तेही गेलं. आता क्लीटने त्यांचे सायकलवर किती सेकंद वाचतील हे त्यांच्या चालवण्यावर आहे. रस्ता सपाट असेल आणि सवय नसेल तर तो फायदा बूट बदलण्यातच संपूनही जाईल. पुढे ४० किलोमीटरची, म्हणजे ऑलिंपिक अंतराची स्पर्धा करणार असतील तर मीही क्लीट म्हणेन.

---

उतारावरचा_राजा

असहमत. ४७ मिनिटांतली दोन मिनिटं तरी कमी होतील, पैज. पाय घट्ट अडकलेला असला की घसरायची भीती जाते आणि माणूस मोकळेपणी वेगात फिरवतो.

---

रॅक_क्रमांक_४१२

पैज नको, त्यांनाच करून बघू द्या. तोच २० किमीचा रस्ता, दोन वेगळे दिवस, वारा सारखा असेल असे.

---

ओली_मांजर

मी आपली सध्या सपाटच बरी. मला वेगळंच विचारायचंय. सपाट पेडल आणि पळायचेच बूट होते, म्हणजे टी-२ मध्ये मला बूट बदलायचेच नव्हते! तरी १:१० गेले, कारण मोजे भिजले होते म्हणून बदलले आणि पुन्हा नाड्या बांधल्या. मोजे घालायचेच नाहीत का?

---

कासवछाप

मोज्याशिवाय कधीही नाही. माझ्या टाचेचं सालटं निघालं होतं, आठवडाभर चप्पल घालून कचेरीत गेलो.

---

शिट्टीवाला

मी स्वतः ५ किमीला घालत नाही. बुटाच्या आत, टाचेला आणि अंगठ्याच्या शिवणीवर आदल्या दिवशी थोडं व्हॅसलीन. पण आधी सरावात सवय केली होती.

---

रॅक_क्रमांक_४१२

मोजे घालायचे असतील तर टी-१ मध्येच, एकदाच. घडी अशी करून ठेवायची की मोजा टाचेपर्यंत गुंडाळलेला, बोटं आधी आत जातील आणि मग वर उलगडायचा. आत थोडी टाल्कम पावडर. पावडर मोज्यात टाकायची, ओल्या पायावर नाही. तिथे तिचा चिखल होतो. मग टी-२ मध्ये ते थोडे ओलसर असले तरी बदलायचे नाहीत.

नाड्यांच्या जागी इलॅस्टिकच्या नाड्या घाला. एकदा ताण बसवला की बांधायचं काम संपलं, मागची पट्टी ओढली की पाय आत. ताण सरावात बसवा, स्पर्धेच्या सकाळी नाही. फार घट्ट झाल्या तर तिसऱ्या किलोमीटरला तळपाय बधिर होतो, सैल झाल्या तर टाच उचलते.

आता तुमचा टी-१ मांडून बघू. २५० मीटर दुडकी १:३५. गॉगल-हेल्मेट-बक्कल ०:१२. पट्टा ०:०८. मोजे आणि बूट ०:३०. सायकल घेऊन ८० मीटर ०:३५. बेरीज बरोबर ३:००. दहा सेकंद गोंधळाचे धरा, ३:१०. तुमच्या मधल्या क्रमांकाच्या बाईंपेक्षा कमी, आणि कुठेही जिवाच्या आकांताने काही केलेलं नाही.

---

कासवछाप

पण २५० मीटर पळून नाडी चढणार, मग सायकलची सुरुवात धापा टाकत. मी तर मुद्दाम चालतो.

---

रॅक_क्रमांक_४१२

चढते, खरंय. म्हणूनच दुडकी म्हटलं, शेजारच्याशी बोलता येईल इतकीच. आणि सायकलवर पहिली दोनतीन मिनिटं हलक्या गिअरवर श्वास बसेपर्यंत. तिथेच लगेच जोर लावणारे पुढे मार खातात, ते पळून आले असोत की चालून.

---

नवी_चाकं

वाचनमात्र होते, एक विचारते. माझ्या स्पर्धेत पाणी थंड असतं, वेटसूट लागतो. तो काढायला मला तीन मिनिटं लागतात. काही सांगाल?

---

शिट्टीवाला

पाण्याबाहेर आलात की पळता पळताच पाठीची चेन उघडा आणि कमरेपर्यंत खाली ओढा. सूट आतून ओला असतो तोवरच सहज निघतो. रॅकपाशी पोचून एक पाय बाहेर काढा, त्या पायाने सूट जमिनीवर दाबून धरा आणि दुसरा पाय वर खेचा. घोट्यांना आधी व्हॅसलीन लावलेलं असावं. चिपवरून काढताना जपून, पाय बाहेर आल्यावर ती जागेवर आहे ना ते बघा. चिप गेली तर तुमचा निकालच लागत नाही.

---

लांबपल्ला

उशिरा आलो. मी मोठ्या अंतराच्या स्पर्धा करतो. आमच्याकडे सायकलजवळ सामान ठेवूच देत नाहीत. टी-१ आणि टी-२ च्या वेगळ्या पिशव्या खुंटीवर असतात, कपडे बदलायला तंबू असतो. तेव्हा रॅकखाली पंचा मांडण्याचा सल्ला चुकीचा आहे.

---

रॅक_क्रमांक_४१२

तुमच्या स्पर्धेसाठी चुकीचा, यांच्यासाठी बरोबर. स्प्रिंटमध्ये सहसा सामान सायकलशेजारीच असतं. तुमच्याकडे मात्र पिशवीत वस्तू कोणत्या क्रमाने भरायच्या तोच खेळ आहे, आणि पाच-सहा तास चालणार असेल तर दोन मिनिटं बसून पाय नीट कोरडे करणं मीही शहाणपणाचं म्हणेन.

---

ओली_मांजर

तीन आठवड्यांनी परत आले, हिशेब द्यायला.

इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन खुर्च्यांवर बांबू टाकून रॅक केला. अंगावर बादलीभर पाणी ओतून घ्यायचं, वीस मीटर लांबून दुडकत यायचं आणि गॉगलपासून सायकल हातात येईपर्यंतचा वेळ नवऱ्याने मोजायचा. पहिल्यांदा २:०५ लागले. आठव्यांदा १:०२. दुसऱ्या दिवशी ०:५४. तुमच्या ५० सेकंदांच्या जवळ आले!

कोरड्या अंगाने केलं तेव्हा पहिल्यांदाच ०:४५ आलं होतं, पण त्याला काही अर्थ नाही. ओल्या केसांवर हेल्मेट घट्ट बसतं, पट्टा हनुवटीखाली पोचतच नव्हता. तो एका बोटाने सैल केला. ओल्या बोटांनी बक्कल न बघता लावणं हेच सगळ्यात जास्त वेळ खात होतं, ते आता टीव्ही बघता बघता लावते-काढते. घरच्यांनी बोलणं सोडून दिलंय.

टी-२ चा सराव सायकल चालवून आल्यावर लगेच दहा मिनिटं पळून केला. पाय पहिले पाच मिनिटं दुसऱ्याचेच वाटतात. शेवटचा किलोमीटर हलक्या गिअरवर भराभर फिरवत आलं तर थोडं कमी वाटतं, पण जात नाही.

काल दुसरी स्पर्धा झाली. आवार वेगळं होतं, पाण्यापासून रॅक १८० मीटर. टी-१ २:४८, टी-२ १:३१. अनवाणी फेरी मारली होती, "चार उजवी, पाच डावी". शेजारी पुन्हा एक भडक केशरी सायकल होती, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फक्त मोज्यांचं काही ठरलं नाही. काल घातले नाहीत, व्हॅसलीन लावलं होतं. डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आहे, उजवीला काही नाही. बूट एकच जोडी, व्हॅसलीन एकच डबी. हे असं एकाच पायाला का होतं?

---

शिट्टीवाला

वा, छान वेळ! डाव्या पायातच चिप होती का?

---

ओली_मांजर

हो! पण चिप घोट्यावर, फोड टाचेवर.

---

कासवछाप

मी म्हणालो होतो मोजे घाला.

---

रॅक_क्रमांक_४१२

चिपचा पट्टा ओला होऊन खाली सरकला आणि बुटाच्या काठात अडकला असेल, असं होऊ शकतं. किंवा डाव्या बुटाची इलॅस्टिक नाडी सैल आहे. एकदा चिपशिवाय तेवढंच पळून बघा आणि नाडीवर ताण कुठे आहे तिथे पेनाने खूण करून ठेवा. फोड आधी बरा होऊ दे मात्र.